पाढा मधूनच विचारा

तिसरीतल्या मुलाला साताचा पाढा म्हणायला सांगा. ‘सात एके सात’पासून ‘सात दाहे सत्तर’पर्यंत तो एका दमात म्हणून दाखवेल. मग लगेच विचारा, ‘सात आठे किती?’ पुष्कळ मुलं इथे थांबतात. ओठ हलायला लागतात आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाढा त्यांना येतो, पण फक्त ओळीनं येतो. गुणाकार करताना मात्र पाढा ओळीनं कधीच लागत नाही. मधलीच एखादी पायरी लागते, आणि तीही चटकन.

यावर अनेक घरांत ‘अजून दहा वेळा म्हण’ हा उपाय केला जातो. त्यानं चाल पक्की होते, अडचण तशीच राहते. तीन गोष्टी क्रमानं केल्या तर ती सुटते: आधी टप्प्यानं मोजणं, मग ओळींची मांडणी आणि शेवटी छोटे छोटे म्हणण्याचे खेळ. साताचाच पाढा घेऊन हे पाहू. २, ५ आणि १० यांच्या पाढ्यांत एककाचे अंक ठरावीक पद्धतीनं येतात, त्यामुळे मुलांना आधार मिळतो. साताच्या पाढ्यात ते ७, ४, १, ८, ५, २, ९ असे कुठेही उडतात. म्हणूनच तो शिकवायला २, १०, ५, ४ आणि ३ हे पाढे झाल्यावर घ्यावा. एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्तींमध्येही तिसरीसाठी २, ३, ४, ५ आणि १० हेच पाढे आहेत. बाकीच्यांसाठी घाई करू नये.

टप्प्यानं मोजायची सुरुवात कुजबुजीनं करावी. एक ते सहा अंक अगदी हळू म्हणायचे आणि ‘सात’ मोठ्यानं. पुन्हा आठ ते तेरा हळू, ‘चौदा’ मोठ्यानं. असं अठ्ठावीसपर्यंत दोन-तीनदा झालं, की हळू म्हणायचे अंक मनात म्हणायचे. उरतात फक्त सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. भिंतीवरची दिनदर्शिका इथे उपयोगी पडते. सात तारीख ज्या वारी येते, त्याच वारी १४, २१ आणि २८ तारीख येते. दर आठवड्याला सातची एक उडी पडते, हे मुलाला तिथे दिसतं.

या टप्प्यावर एक चूक हमखास होते. मूल संख्या बरोबर म्हणतं, पण उड्या किती झाल्या ते विसरतं. शून्यावर उभं असतानाच ‘एक’ मोजलं, तर पुढचा सगळा हिशोब एकानं चुकतो. म्हणून मूठ बंद ठेवून सुरुवात करावी आणि ‘सात’ म्हटल्यावरच पहिलं बोट उघडावं. ‘पस्तीस’ म्हणताना एक पंजा पूर्ण उघडा असला पाहिजे. तसा नसेल, तर चूक कुठे झाली ते मुलाला स्वतःलाच कळतं.

आता मांडणी. चौकटीची वही घ्यावी. एका ओळीत सात चौकटी रंगवाव्यात आणि त्याखाली तशाच आठ ओळी होऊ द्याव्यात. वर एक कोरा कागद ठेवून तो एकेक ओळ खाली सरकवावा. एक ओळ दिसली की सात, दोन दिसल्या की चौदा, तीन दिसल्या की एकवीस. मघाशी जे तोंडानं मोजलं, तेच आता डोळ्यांना दिसतं. ‘सात आठे’ म्हणजे सातच्या आठ ओळी, हा अर्थ इथे पक्का होतो.

मग कागद पूर्ण काढून घ्यावा आणि प्रत्येक ओळीत पाच चौकटींनंतर एक उभी रेघ मारावी. रेघेच्या डावीकडे पाच-पाचच्या आठ ओळी आहेत, म्हणजे चाळीस. उजवीकडे दोन-दोनच्या आठ, म्हणजे सोळा. चाळीस आणि सोळा, छप्पन्न. पाचाचा आणि दोनाचा पाढा मुलाला आधीच येतो, त्यामुळे साताच्या पाढ्यातली कोणतीही पायरी ते आता पहिल्यापासून न म्हणता काढू शकतं. विसरलं तरी अडत नाही.

तीच वही आता आडवी फिरवावी. सातच्या आठ ओळी होत्या, त्या आठच्या सात ओळी झाल्या. चौकटी तेवढ्याच राहिल्या. म्हणजे ‘आठ साते’ वेगळं पाठ करायला नको. यानं ओझं किती कमी होतं ते पाहा. १, २, ५ आणि १० यांचे पाढे येत असतील, तर दहापर्यंतच्या पाढ्यांत ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपसातले छत्तीस गुणाकार उरतात. उलटसुलट जोड्या एकच धरल्या, की शिकायचे उरतात फक्त एकवीस.

एवढं झालं की मग म्हणणं. पाठांतर वाईट नाही. उत्तर चटकन आठवायला ते लागतंच. पण ते रोज दोन-तीन मिनिटंच असावं आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं जावं. वर्गाचे दोन गट करावेत. एकानं ‘सात चोक’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘अठ्ठावीस’. मग बाजू बदलायच्या. दुसऱ्या दिवशी पाढा उलटा, सत्तरपासून खाली. तिसऱ्या दिवशी ‘सात पंचे पस्तीस’पासून सुरुवात करून एक पायरी वर, एक पायरी खाली. गोल बसून अंक मोजत जाण्याचा आणि सातच्या टप्प्यावर अंकाऐवजी टाळी वाजवण्याचा खेळही मुलांना आवडतो. चुकलेल्या मुलाला खेळाबाहेर काढू नये, कारण सरावाची गरज त्यालाच जास्त असते.

उत्तर चुकलं, तर नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नये. चुकीचं उत्तर बरंच काही सांगतं. ‘सात आठे’ला मुलानं ४९ किंवा ६३ सांगितलं, तर एक उडी कमी किंवा जास्त झाली आहे, त्याला बोटं उघडत मोजायला लावावं. १५ सांगितलं, तर त्यानं सात आणि आठची बेरीज केली आहे. त्याला पुन्हा चौकटींकडे न्यावं. तोंडानं ‘छप्पन्न’ म्हणून वहीत ६५ लिहिलं, तर पाढा त्याला येतो, अडचण संख्यानामाची आहे. मराठीत ‘छप्पन्न’ म्हणताना सहा आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल सहा आधी लिहितं. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सहा’ अशा वाचनाचा पर्याय दिला होता आणि त्यावर राज्यभर वाद झाला होता. वाद बाजूला ठेवला, तरी अशा मुलाला पाढा पुन्हा म्हणायला लावून उपयोग नाही. त्याच्यासमोर पाच दशकांच्या काड्यांच्या जुड्या आणि सहा सुट्या काड्या ठेवाव्यात आणि मग संख्या लिहायला सांगावी.

या पद्धतीला वेळ लागतो. एका पाढ्याला आठवडा, कधी दोन आठवडेही जातात. मोठ्या वर्गात प्रत्येकाची चूक पाहणं शिक्षकांना रोज शक्य होत नाही. तिथे पालकांनी हातभार लावायला हवा. त्यासाठी रोज पूर्ण पाढा म्हणून घेण्याची गरज नाही. मधल्या दोनच पायऱ्या विचारा, आणि उत्तर आलं की पुढचा प्रश्न जरूर विचारा: ‘कसं काढलंस?’ ‘पाच आठे चाळीस आणि वर सोळा’ असं मूल म्हणालं, तर त्याला साताचा पाढा समजला आहे. पाठ व्हायला मग फार दिवस लागत नाहीत.