मालवणची सहल आणि एक मोकळा दिवस

नव्या जोडप्यात एकाला तासातासाचं वेळापत्रक हवं असतं, दुसऱ्याला मोकळे दिवस. मालवणच्या 4 दिवसांवर दोन्ही पद्धती ताडून पाहू या.

कुडाळपर्यंतच्या रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत लवकर भरतं. तिथे ‘बघू नंतर’ चालत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मात्र समुद्रावर अवलंबून. वारा वाढला की ती बंद, आणि तासांचं वेळापत्रक कोलमडतं.

म्हणून आपण गाडी आणि मुक्काम आधी पक्का करू. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवू, तिसरा दिवस मोकळा सोडू. होडी सुटली नाही, तर किल्ला तिसऱ्या दिवशी. सुटली, तर तो दिवस बाजारात, किनाऱ्यावर, मनाला येईल तसा.