दुकानातले अठरा महिने

घाऊक मालाचं वितरण करणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी मी काही वर्षं भरतीचे अर्ज तपासतो. मागच्या भरतीत बिलिंग आणि स्टॉक सांभाळायला एक सहायक हवा होता. एका मुलीचा अर्ज आला. बी.कॉम., टॅली येतं, आणि अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द: फ्रेशर. अगदी खाली, छंदांच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, ‘वडिलांच्या किराणा दुकानात मदत, लहान मुलांच्या शिकवण्या.’

आमच्या तक्त्यात अनुभवाला २० गुण होते, महिन्याला एक याप्रमाणे. कंपनीचं नाव, पद आणि तारखा नसतील तर शून्य. बाकी निकषांवर तिला ३८ गुण पडत होते आणि मुलाखतीला ४५ लागत होते. तक्त्याप्रमाणे अर्ज तिथंच बाजूला पडायचा. मी तिला फोन केला.

कॉलेज सुटल्यावर रोज चार तास, आठवड्यातले सहा दिवस, तीन वर्षं ती गल्ल्यावर बसत होती. मी विचारलं, ‘बिस्किटांची तारीख उलटली तर काय करता?’ ती लगेच म्हणाली, ‘सर, तारीख उलटेपर्यंत थांबतच नाही. महिना उरला की पुडे वेगळे काढते, सेल्समन आला की त्याच्याकडून बदलून घेते. तो नाही म्हणाला तर पुढच्या ऑर्डरला तो माल कमी घेते.’ उधारीची वही तीच लिहायची आणि दर रविवारी बाकी काढायची. आम्हाला हव्या असलेल्या कामाचं वर्णन तिच्या तोंडून जसंच्या तसं येत होतं.

सरकारी रोजगार पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या माणसाची नोंद काम करणारा अशीच होते. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे. आमच्या तक्त्यात मात्र यातल्या कशालाच जागा नव्हती. म्हणून मी हिशेब तासांवर आणला.

कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याला कामाची मर्यादा ४८ तासांची होती. तोच पूर्णवेळ कामाचा आठवडा धरला. दुकानाचे आठवड्याला २४ तास म्हणजे निम्मे. म्हणून ३६ महिन्यांचे झाले १८. शिकवण्या आठवड्याला सहा तास, १६ महिने. त्याचे पूर्णवेळ महिने दोन. मग प्रश्न येतो, या कामातलं आपल्या कामाला किती उपयोगी? दुकानाचं सगळं धरलं. शिकवणीचं चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा महिना. हीच मुलगी ग्राहकांना फोनवर समजावून सांगायच्या कामाला आली असती, तर शिकवणीचं मोल मी जास्त धरलं असतं. अर्धा सोडून दिला, १८ गुण दिले. ३८चे ५६ झाले.

त्याच भरतीत घरपोच जेवण पोचवणारा एक मुलगा होता. आठवड्याला ३० तास, १६ महिने, म्हणजे पूर्णवेळ दहा महिने. पत्ते शोधणं आणि रोख रकमेचा रोजचा मेळ घालणं आमच्या कामाचं, पण बिलिंग नाही. त्याला निम्मे, पाच गुण दिले. ॲपवरचे तारे मी धरले नाहीत. हॉटेलनं उशीर केला तरी तारे त्याचेच कमी होतात.

खरी अडचण पुराव्याची असते. वडिलांचं पत्र मी मागत नाही, ते चांगलंच असणार. जीएसटी क्रमांकाचा हट्टही धरत नाही. वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या दुकानाला सहसा तो घ्यावाच लागत नाही. त्याऐवजी दुकानाला माल देणाऱ्या सेल्समनचा नंबर घेतो आणि विचारतो, ‘ऑर्डर कोण देतं?’ शिकवणीसाठी एखाद्या पालकाशी दोन मिनिटं बोलणं पुरतं. डिलिव्हरीवाल्याच्या बँक खात्यात जमा झालेल्या रकमांच्या तारखा दिसतात. तेवढ्या पाहायच्या, किती मिळाले ते विचारायची गरज नाही.

फुगवलेले दावेही येतात. एकाच काळातली तीन कामं जोडून आठवड्याचे सत्तर तास, वर कॉलेज, असा हिशेब आला की मी तो ४८वर थांबवतो आणि साधा प्रश्न विचारतो: तेलाच्या डब्यामागे दुकानाला किती सुटतात? गल्ल्यावर खरंच बसलेला माणूस आकडा सांगतो. नुसता जाऊन-येऊन असलेला ‘बरे सुटतात’ म्हणतो.

ही पद्धत सगळं पकडत नाही. घरात कोण किती वेळ बसलं याची नोंद कुठंच नसते, तास अंदाजानंच धरावे लागतात. तरीही तो अंदाज शून्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असतो.

तुमच्या घरात कुणी पहिला अर्ज लिहीत असेल, तर ‘दुकानात मदत’ ही ओळ छंदांतून काढून अनुभवात घ्यायला सांगा, आणि ती अशी लिहायला: ‘किराणा दुकान, कौटुंबिक. तीन वर्षं, आठवड्याला २४ तास. ऑर्डर देणं, तारखा पाहून माल बदलून घेणं, उधारीचा हिशेब.’ खाली माल देणाऱ्याचं नाव आणि नंबर, त्याला विचारून.