अडतीस हजार पानांतले एक नाव

जुन्या मासिकाचा स्कॅन केलेला अंक संगणकावर उघडावा, शोधाच्या चौकटीत ‘धारवाड’ टाइप करावे आणि उत्तर यावे की काहीच सापडले नाही. शब्द तर समोरच्या पानावर ढळढळीत दिसत असतो. पण त्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, असते ते फक्त पानाचे छायाचित्र. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा टाइप केल्यासारखा मजकूर करणे, हे ओसीआरचे काम.

इंग्रजीसाठी ही सोय फार पूर्वीपासून आहे. मराठीच्या वाट्याला ती उशिरा आली. इंटरनेट अर्काइव्हवरच्या भारतीय भाषांतल्या अनेक जुन्या पुस्तकांच्या माहितीत बरीच वर्षे `language not currently OCRable` अशी ओळ दिसे. चित्र नेले एवढ्यावरच समाधान मानायचे! परिस्थिती पालटली ती टेसरॅक्ट या मोफत प्रणालीमुळे. १९८०च्या दशकात एचपी कंपनीत तिचा जन्म झाला, २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे गूगलने तिच्या विकासाला हातभार लावला. देवनागरीसाठी महत्त्वाचे वर्ष २०१८. त्यापूर्वी बहुतेक पद्धती आधी अक्षरे सुटी करत आणि मग ओळखत. आपल्याकडे शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधते आणि जोडाक्षरे एकमेकांत गुंततात, त्यामुळे सुटे करतानाच घोळ होई. २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट अख्खी ओळ सलग वाचते. शिरोरेषा तोडण्याची गरज उरली नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या एका वाचनालयाकडे एका मासिकाचे १९५५ ते २००४ असे पन्नास वर्षांचे अंक आहेत. वर्षाला १२ अंक, अंकाला ६४ पाने, म्हणजे एकूण ३८,४०० पाने. ती हाताने टाइप करून घेणे परवडणारे नाही. ओसीआरला एका पानाला आठ सेकंद लागतात असे धरले, तर सगळे मिळून सुमारे ८५ तास होतात. चार कोअरच्या साध्या संगणकावर चार पाने एकाच वेळी चालतात, म्हणजे काम एका दिवसात संपते. वेळ खाते ते स्कॅनिंग, आणि यशापयशही बरेचसे तिथेच ठरते.

स्कॅन ३०० डीपीआयला करावा, बारीक टाइप असेल तर ४००ला. रंग नको असेल तर करड्या छटांत करावा, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नव्हे. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा हा निर्णय स्कॅनर तिथल्या तिथे घेऊन टाकतो आणि मराठीत त्याची पहिली झळ अनुस्वाराला बसते. पिवळ्या पडलेल्या कागदावरचा फिकट अनुस्वार नाहीसा होतो, आणि कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. ‘मत’ आणि ‘मंत’ यांत एका टिंबाचाच फरक असतो. दुसरी जागा बांधणीजवळची. जाड बांधीव खंड पुरता उघडत नाही, शिवणीकडच्या ओळी वाकतात आणि नेमकी तिथली अक्षरे बिघडतात. हे नुकसान पुढे पुरते भरून काढणे कठीण असते.

स्कॅनची प्रत्येक अंकाची एक पीडीएफ करून तिला `1975-03.pdf` असे वर्ष-महिन्याचे नाव द्यावे, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. पुढचे काम `ocrmypdf` ही मोफत आज्ञावली करते. ती टेसरॅक्टकडून पान वाचून घेते आणि मूळ चित्रावर न दिसणाऱ्या अक्षरांचा थर चढवते. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक शब्द त्याच्या जागी अदृश्य शाईने लिहावा, तसे. वाचकाला जुने पानच दिसते, पण शोधलेला शब्द त्याच्या जागी उजळतो. उबुंटू लिनक्सवर `sudo apt install ocrmypdf tesseract-ocr-mar` एवढ्याने मराठीसह सगळे बसते. मग `scan` नावाच्या फोल्डरमधल्या साऱ्या अंकांसाठी ही काही ओळींची आज्ञा पुरते:

```
mkdir -p out txt
for f in scan/*.pdf; do
  b=$(basename "$f" .pdf)
  [ -s "out/$b.pdf" ] && continue
  ocrmypdf -l mar+eng --rotate-pages --deskew \
    --sidecar "txt/$b.txt" "$f" "out/$b.pdf" \
    || echo "$b" >> failed.txt
done
```

`mar+eng` म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाच. `--rotate-pages` उलटे-आडवे पान सरळ करते, `--deskew` किंचित तिरपे पान. `--sidecar`मुळे प्रत्येक अंकाचा नुसता मजकूर वेगळ्या फाइलमध्ये मिळतो, आणि पुढे हाच सर्वांत कामाचा ठरतो. झालेला अंक पुन्हा केला जात नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी हीच आज्ञा पुन्हा द्यावी, काम उरलेल्या अंकांपासून सुरू होते. जे अंक अडले, त्यांची नावे `failed.txt`मध्ये जमतात.

त्या यादीत अखेरच्या काही वर्षांचे अंक दिसले, तर त्यामागे बहुधा ठरलेले कारण असते. हे अंक छापखान्याने स्कॅन न करता थेट पीडीएफच्या रूपात दिलेले असतात आणि त्या काळातले अक्षरजुळणीचे काम श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेले असते. पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा भेसूर गोतावळा उमटतो. `ocrmypdf`ला मात्र पानावर मजकूर आधीच आहे असे वाटते, म्हणून ती काम थांबवते. इथे अनेक जण `--skip-text` हा पर्याय देऊन मोकळे होतात. चूक दाखवली जात नाही, फाइल तयार होते आणि आत तोच निरुपयोगी मजकूर तसाच राहतो. अशा अंकांना `--force-ocr` द्यावे. मग जुना मजकूर टाकून पान चित्र म्हणून नव्याने वाचले जाते.

यंत्राने काम संपवले म्हणजे मजकूर बरोबर आला असे नाही. प्रत्येक दशकातली दोन-तीन पाने निवडावीत, ती हाताने अचूक टाइप करावीत आणि ओसीआरच्या मजकुराशी ताडून पाहावीत. समजा, पानावर १,८०० चिन्हे आहेत आणि ९८ टक्के बरोबर आली. आकडा भरघोस वाटतो, पण त्याचा अर्थ पानावर ३६ चुका. सरासरी सहा चिन्हांचा शब्द धरला तर पानावर ३०० शब्द, म्हणजे साधारण दर आठ-नऊ शब्दांत एक बिघडलेला. शोधणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम सारखा होत नाही. एखाद्या लेखात धारवाडचे नाव दहा वेळा आले असेल तर त्यातले काही उल्लेख नक्की बरोबर वाचले जातील आणि लेख सापडेल. देणगीदारांच्या यादीत किंवा निधनवार्तेत एकदाच आलेले नाव मात्र निसटू शकते. आणि जुन्या अंकांत आपण बहुतेकदा अशीच नावे शोधत असतो.

त्यात चुका वाटेल तशा विखुरलेल्या नसतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल नेहमीची. ‘ख’चा ‘रव’ होतो. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत तीच चूक अंकभर दिसते. शिवाय नवी पद्धत आधी शिकलेल्या मजकुराच्या वळणाने वाचते, त्यामुळे अनोळखी आडनावाच्या जागी ती कधी ओळखीचा शब्द बसवते. अशी चूक वाचताना खटकत नाही, म्हणून ती सगळ्यात घातक.

या चुका ठरावीक असतात हेच शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते. युनिकोडमध्ये देवनागरीचे व्यंजन, मात्रा, अनुस्वार ही सारी वेगवेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे शोधताना पर्याय देता येतात. `txt` फोल्डरवर `grep -rE '[धघ]ार[वब]ाड' txt/` असे शोधले, की धारवाड, घारवाड, धारबाड, घारबाड ही चारही रूपे एकाच खेपेत हाती येतात.

मराठीत आणखी एक गाठ आहे, ती यंत्राने घातलेली नाही. लेखनाचे नवे नियम १९६२चे. त्याआधीच्या अंकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलें’ असेच छापलेले असते आणि ओसीआरने ते तसेच वाचणे योग्यच आहे. पण आजचा वाचक ‘काही’ शोधतो. त्यासाठी `grep -rE 'कां?हीं?' txt/` वापरावे. प्रश्नचिन्हाचा अर्थ, त्याआधीचा अनुस्वार असला तरी चालेल, नसला तरी चालेल. संग्रह अनेकांनी वापरायचा असेल तर मजकुराची एक वेगळी प्रत फक्त शोधासाठी करावी आणि तीत सगळे अनुस्वार काढून टाकावेत. शोधशब्दातलेही तसेच काढावेत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. या प्रतीत त्यांची एकच रीत करून टाकावी. मूळ ओसीआरच्या मजकुराला मात्र हात लावू नये.

दोन स्तंभांच्या पानांवर आणखी एक तपासणी करावी. स्तंभांमधली मोकळी जागा अरुंद असेल तर यंत्र डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभाच्या ओळीला जोडते. सुटा शब्द सापडतो, पण दोन-तीन शब्दांचा शोध फसतो. मजकुराची फाइल उघडून पाच-सहा ओळी वाचल्या की हे लगेच कळते. पानाला जेमतेम शे-दोनशे चिन्हेच मिळाली असतील, तर ते पान छायाचित्राचे किंवा कोरे आहे, नाहीतर वाचन फसले आहे. अशी पाने वेगळी काढून डोळ्यांखालून घालावीत.

शेवटी या संग्रहाबरोबर एका पानाची नोंद ठेवावी. स्कॅन किती डीपीआयचा आहे, टेसरॅक्टची कोणती आवृत्ती वापरली, काम कधी झाले आणि नमुन्याच्या पानांवर दशकागणिक किती टक्के चिन्हे बरोबर आली, एवढे तिच्यात असावे. १९५०च्या दशकात चुका जास्त असतील, तर त्या अंकांत नाव न मिळाल्यावरून ते तिथे छापलेच गेले नव्हते असा निष्कर्ष काढू नये, हे संशोधकाला त्या नोंदीवरून समजते. मूळ स्कॅन मात्र सांभाळून ठेवावेत. पुढे मराठी अधिक चांगली वाचणारी प्रणाली आली, तर अंक पुन्हा उलगडावे लागणार नाहीत, फक्त संगणक आणखी एक दिवस चालवावा लागेल.