तुंबलेलं सिंक : ॲसिड नको, पाना नको, हात पुरेत

पालघर असो की बोईसर, चाळीतल्या सिंकचं दुखणं बहुधा एकच असतं. रविवारी मटण होतं, भांडी घासली जातात आणि सोमवारी पाणी सिंकमध्येच उभं राहतं. मग दुकानातून ड्रेन साफ करायची पावडर येते, नाहीतर संडासाचं ॲसिड ओतलं जातं. आम्ही सांगतो, दोन्ही नको.

त्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तारापूर एमआयडीसीत तो हाताळताना चष्मा आणि हातमोजे घालायचे असतात. आपण घरात तो उघड्या हाताने टाकतो. पाणी लागताच तो तापतो आणि उसळून डोळ्यात जाऊ शकतो. चरबीशी मिळून त्याचा साबण होतो. तो वाहून गेला नाही तर पाईपात गोठून आणखी घट्ट बसतो. ॲसिड आणि ब्लीचिंगचं पाणी एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि एका खोलीच्या घरात तो लगेच छातीत भरतो.

आधी अडथळा कुठे आहे ते ओळखा. फक्त आपलं सिंक तुंबलं असेल तर दोष बहुधा सिंकखालच्या पाईपात असतो. सिंकमध्ये पाणी सोडल्यावर मोरीतून पाणी वर येत असेल किंवा शेजाऱ्यांकडेही तुंबलं असेल, तर बाहेरचं चेंबर भरलेलं आहे. घरातली मेहनत तिथे उपयोगी पडणार नाही. कुणी आधीच पावडर किंवा ॲसिड टाकलं असेल तर पाईप उघडू नका, पंपही मारू नका. दारं-खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा आणि प्लंबरला काय टाकलं ते आधी सांगा.

काहीच टाकलेलं नसेल तर सिंकमधलं पाणी मगाने काढून घ्या आणि खाली बादली ठेवा. सिंकखाली बाटलीसारखा भाग असेल तर त्याचं तळाचं झाकण हाताने फिरवून काढा. ते प्लास्टिकचं असतं, पान्याने आवळलं तर तडकतं. रबरी वायसर कसा बसवला होता ते लक्षात ठेवा. आतला पांढरट, लोण्यासारखा थर म्हणजे गोठलेली चरबी. ती जुन्या चमच्याने खरवडून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका. बाटलीऐवजी नुसता वळ्या असलेला पाईप असेल तर त्याला झोळ पडला आहे का पाहा. त्या झोळातच चरबी साठते. तो सोडवून बाहेर नेऊन धुवा.

सगळं परत जोडून थोडं पाणी सोडा. सांध्यावर कोरडा कागद धरा; ओला झाला तर वायसर नीट बसवा. मग अर्धी बादली उकळत्या पाण्यात तितकंच नळाचं पाणी मिसळा, दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण घाला आणि हळूहळू ओता. नुसतं उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकचा पाईप मऊ होऊन सांधे सुटतात. तरीही पाणी हळू जात असेल तर सिंकचं वरचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, रबरी पंपाचा कप बुडेल इतकं पाणी ठेवा आणि दहा-पंधरा वेळा पंप मारा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान असतो, पण दोघं एकमेकांना मारतात. चरबी तशीच राहते. पैसे वाया घालवू नका.

पुन्हा तुंबू नये म्हणून मुख्य काम भांडी घासण्याआधीचं आहे. कढई आणि ताटातलं तेल, रस्सा वर्तमानपत्राने पुसून घ्या. उरलेलं तळणीचं तेल थंड करून डब्यात भरा. राखेने भांडी घासत असाल तर ते पाणी सिंकमध्ये सोडू नका. राख आणि चरबी मिळून घट्ट लगदा होतो. भात आणि माशाचे काटे अडवायला जाळी ठेवा. आठवड्यातून एकदा तेच साबणाचं कोमट-गरम पाणी सोडा.

चुकून कुणाच्या डोळ्यात ॲसिड किंवा पावडर गेलीच तर लगेच पापण्या उघड्या धरून वीस मिनिटं वाहतं पाणी घाला, मग दवाखाना. पोटात गेली तर उलटी करवू नका. तोंड धुवून थेट रुग्णालय गाठा.

आपण सोडलेली चरबी शेवटी गटारात आणि सेप्टिक टाकीत जाऊन बसते, आणि ती काढायला कुणाला बोलावलं जातं हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. चेंबर भरलं तर नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि मशीनच मागा. कुणी चारशे-पाचशे रुपयांत आत उतरायला तयार झाला, तरी त्याला उतरू देऊ नका.