दोन पानांचं काम

सकाळी 9.00
कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान नुकतंच उघडलंय. पाहणी-अहवालांचे सारांश लिहिणाऱ्या ताई पेनड्राइव्ह पुढे करतात. मी सोबत आहे. पेनड्राइव्हवर आजचा अहवाल. 142 पानं, पाठपोट, 2 रुपयांना पान. 284 रुपये झाले. ते त्यांच्याच खिशातून जातात. पडद्यावर वाचलं की तळटिपा सुटतात, म्हणून छापून घ्यायचं. अहवाल वाचून दोन पानांत मांडायच्या या कामाचे 9,000 मिळणार. टीडीएस कापून हातात 8,100, तेही दीड महिन्याने.

अहवाल एका खाद्यपदार्थ कंपनीने एजन्सीकडून करून घेतलाय. कंपनी इडली-डोशाचं तयार पीठ विकते. एक किलोची पिशवी दुकानांत आहेच. अर्ध्या किलोची काढावी का, हे प्रॉडक्ट मॅनेजरला ठरवायचंय. ज्यांनी अजून असं पीठ विकत घेतलंच नाही, त्यांनी लहान पिशवी घेऊन बघावी, असा मॅनेजरचा विचार. त्यांना संध्याकाळी सहापर्यंत दोन पानं हवीत: काय सापडलं, नमुना कुठे तोकडा पडतो, आणि त्यावरून काय करायचं.

सकाळी 9.40
ताई गठ्ठा उलटा करतात. सुरुवात पान 131 पासून, म्हणजे परिशिष्टातल्या प्रश्नावलीपासून. सारांशाची पानं त्या आधी वाचत नाहीत. एकदा मोठा आकडा डोळ्यांत बसला की पुढचं सगळं त्याच्याच उजेडात दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

आधी स्क्रीनर. मुलाखत घ्यायची की नाही, हे ठरवणारे दारातले प्रश्न. बाई 25 ते 45 वयाची हवी. किराणा तीच ठरवणारी हवी. घरात फ्रिज हवा. घर एनसीसीएस ए किंवा बी श्रेणीतलं हवं. ही श्रेणी मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि 11 ठरलेल्या गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून लागते. टीव्ही, दुचाकी, वॉशिंग मशीन अशा त्या गोष्टी.

मग पाचवा प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत तयार पीठ विकत घेतलंत का? उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे सूचना छापलीय: आभार मानून मुलाखत संपवा.

ताई तिथे पेन्सिलने गोल करतात. मग त्याच गोलावरून पुन्हा पेन्सिल फिरवतात.

सकाळी 10.50
आता फिल्डचा संपर्क-तक्ता. किती दारं वाजवली, कोण कुठल्या प्रश्नाला गळलं, हे त्यात असतं. बहुतेक जण हे पान उलटून पुढे जातात. ताईंनी आधी बरीच वर्षं स्वतः दारोदार मुलाखती घेतल्यात. मुलाखतीमागे पैसे मिळायचे, आणि पाचव्या प्रश्नाला गळलेल्या दाराचं काहीच मिळायचं नाही. त्यामुळे त्या हा तक्ता सावकाश वाचतात.

पाचव्या प्रश्नापर्यंत 1,840 बायका पोचल्या. 1,240 ‘नाही’ म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. उरल्या 600. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येकी 100. पुढची सव्वाशे पानं या 600 जणींचीच आहेत.

लहान पिशवी ज्यांच्यासाठी काढायची, त्या सगळ्या दारातूनच परत पाठवल्या गेल्या.

दुपारी 12.15
आता सारांश. पान 3 वर रंगीत चौकटीत मोठ्या टाइपात: ‘72 टक्के महिला अर्ध्या किलोची पिशवी घेतील.’

ताई डेटा टेबल उघडतात. 72 हे दोन उत्तरं मिळून झालेत. ‘नक्की घेईन’ 22, ‘बहुधा घेईन’ 50. दारात उभ्या असलेल्या मुलीला तोंडावर नाही म्हणणं माणसांना जड जातं. ती ‘बहुधा’ म्हणून मोकळी होतात. ताईंनी ही उत्तरं स्वतः लिहून घेतलीत, म्हणून या 50 चा भरवसा त्या फार धरत नाहीत. कागदावर दोन्ही आकडे वेगळे लिहायचे, बेरीज नाही.

मग कॅल्क्युलेटर. 600 चे 72 टक्के म्हणजे 432. 1,840 जणींत धरले तर साडेतेवीस टक्के. मी म्हणतो, हाच खरा आकडा मग. ताई मान हलवतात. “नाही. त्या बाराशे चाळीस जणींना विचारलंच नाहीये. त्यांतली एकही घेणार नाही, असं आपण का धरायचं? तिथे आकडा नाही. एवढंच लिहायचं.”

दुपारी 1.30
पोळी, गवारीची भाजी, ताक. वीस मिनिटं.

दुपारी 2.00
पान 58. रंगीत आलेख सांगतो की नागपूर पुण्याच्या पुढे आहे. दर आठवड्याला पीठ घेणाऱ्यांपैकी ‘नक्की घेईन’ म्हणणाऱ्या नागपुरात 41 टक्के, पुण्यात 29. खाली शिफारस: आधी नागपुरात उतरा.

आलेखाखाली बारीक अक्षरांत बेस दिलाय. बेस म्हणजे किती जणींच्या उत्तरांवर ही टक्केवारी उभी आहे. नागपूर 34, पुणे 38. ताई टक्क्यांची माणसं करतात. नागपुरात 14 जणी, पुण्यात 11. तीन बायकांचा फरक. एवढ्या बेसवर दोन शहरांतलं अंतर 22 टक्क्यांपर्यंत नुसतं योगायोगानेही पडू शकतं. इथे ते 12 आहे. शिवाय हा कोटा भरून घेतलेला नमुना, चिठ्ठ्या टाकून निवडलेला नाही. म्हणून ते 22 सुद्धा अंदाजाचेच. शिफारशीवर आडवी रेघ.

दुपारी 2.50
पान 97 वर ताई थांबतात. होकार दिलेल्या 432 जणींना पुढे विचारलंय: ही पिशवी मोठीच्या जोडीला घ्याल की तिच्याऐवजी? 264 जणी म्हणाल्या, तिच्याऐवजी. 61 टक्के. सारांशात हे कुठेच नाही.

म्हणजे आजचं गिऱ्हाईक किलोवरून अर्ध्या किलोवर येईल. तेवढंच पीठ विकायला दुप्पट पिशव्या आणि दुप्पट पॅकिंग लागेल.

दुपारी 3.40
आणखी दोन मर्यादा. फिल्डवर्क मे महिन्यातलं. उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं, लहान पिशवी लवकर संपते. ‘आंबतं’ ही तक्रार अहवालात पहिली आहे. थंडीत ती किती उरेल, हे यावरून कळत नाही. दुसरी, सहाही शहरांना सारखं वजन दिलंय. ‘एकूण’ या रकान्यात कोल्हापूर मुंबईएवढंच मोजलं जातं.

दुपारी 4.10
आता लिहायचं. मर्यादा शेवटी वेगळ्या डब्यात टाकल्या की कोणी वाचत नाही. ताई त्या निष्कर्षाच्याच वाक्यात बसवतात. पहिलं वाक्य तीनदा खोडून असं ठरतं: ‘तयार पीठ आधीच विकत घेणाऱ्या 600 शहरी महिलांपैकी 22 टक्के अर्ध्या किलोची पिशवी नक्की घेऊ म्हणतात, 50 टक्के बहुधा, न घेणाऱ्यांना हा प्रश्न विचारलेला नाही.’ त्याच्याखाली पान 97. मग ‘काय करावं’: नवीन गिऱ्हाइकासाठी पिशवी काढायची असेल तर हा अहवाल होकारही देत नाही, नकारही. आजच्या गिऱ्हाइकासाठी काढायची असेल तर विक्रीच्या हिशेबात 61 टक्के धरून बघावं. प्रत्येक ओळीपुढे अहवालातला पान क्रमांक.

संध्याकाळी 5.20
प्रॉडक्ट मॅनेजरचा फोन. “मॅडम, बहात्तर टक्के वर घ्या ना. उद्या साहेबांपुढे तेच दाखवायचंय.”

“सर, घालते. पण कुणाचे बहात्तर, ते त्याच ओळीत राहील. साहेबांनी विचारलं, नवीन गिऱ्हाईक किती येईल, तर तुम्ही काय सांगाल?”

थोडा वेळ तिकडून काही नाही. मग, “त्या बाराशे जणींचे नंबर आहेत का एजन्सीकडे?”

“नसणार. त्यांची मुलाखतच झाली नाही. पण नव्याने दीडशे जणी गाठता येतील. पीठ न घेणाऱ्या, दोन शहरांत, दहा मिनिटांची प्रश्नावली. आठ टक्के इकडेतिकडे धरून अंदाज येईल. एका शहरापुरतं मात्र त्यातून काही सांगता यायचं नाही.”

“खर्च?”

“तो एजन्सीला विचारा. प्रश्न मी लिहून देते, दीड हजार वेगळे.”

संध्याकाळी 5.55
मेल जातो. दोन पानं, पान 97 चा फोटो सोबत.

संध्याकाळी 6.30
उत्तर येतं: दीडशेचं पाठवा, साहेबांकडे मंजुरीला ठेवतो. ताई नवीन फाइल उघडतात. पाचवा प्रश्न तसाच ठेवतात, सूचना फिरवतात. ‘हो’ म्हणाली तर आभार मानून संपवा. ‘नाही’ म्हणाली तर पुढे जा. मग त्याखाली पहिला नवा प्रश्न टाइप करतात: घरी पीठ कोण वाटतं, आणि आठवड्यातून किती वेळा?