‘चर्चा करा’ म्हणजे सगळे लिहा नव्हे

वर्णनात्मक परीक्षेची तयारी करणाऱ्यांत एक समज फार खोल रुजला आहे: प्रश्नाच्या शेवटी चर्चा करा, समर्थन करा की कारणमीमांसा करा, काहीही असो, विषयाचे सगळे मुद्दे लिहिले की गुण मिळतातच. हा समज पसरवणाऱ्यांचा राग येतो, कारण त्यात अभ्यास केलेल्या मुलाचेच नुकसान होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत दहा गुणांच्या उत्तराला 150 शब्द मिळतात. तेवढ्यात सगळे मावतच नाही, निवड करावीच लागते. ती कशी करायची, हे शेवटचे क्रियापद सांगते.

उदाहरण म्हणून मराठवाड्यातील ऊस घेऊ. ‘पाणीटंचाईला ऊस जबाबदार आहे. चर्चा करा.’ इथे विधान तपासायचे आहे. एका बाजूला, राज्यातील पिकांखालच्या जमिनीचा छोटा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. दुसऱ्या बाजूला, मराठवाड्यातला पाऊसच बेभरवशाचा आणि बेसाल्टच्या कठीण खडकात पाणी साठायला जागा कमी. दोन्ही बाजू मांडून थांबलात तर चर्चा अर्धीच राहिली. टंचाई पावसाने सुरू होते आणि उसाने तीव्र होते, असा तोललेला निष्कर्ष हवा. निष्कर्ष दिला तर तटस्थता जाते, असा आक्षेप असतो. पण इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या व्याख्येतही ‘डिस्कस’मध्ये संतुलित आढाव्याबरोबर पुराव्यावर आधारलेला निष्कर्ष अपेक्षित आहे.

आता ‘उसावर मर्यादा घालणे योग्य आहे, समर्थन करा’ असे विचारले, तर भूमिका प्रश्नानेच ठरवून दिली. इथे दोन्ही बाजूंना समान जागा देणे ही चूक. मात्र सर्वांत बळकट आक्षेप टाळूनही चालणार नाही. हमखास पैसा देणारे पीक शेतकऱ्याने का सोडावे? मर्यादेसोबत पर्यायी पीक म्हणून तुरीच्या खरेदीची हमी सुचवून या आक्षेपाला उत्तर दिले, की समर्थन उभे राहते. तावातावाने मत मांडणे म्हणजे समर्थन नव्हे.

‘टंचाई असूनही ऊस वाढला, कारणमीमांसा करा’ यात मात्र बरे-वाईट ठरवायचेच नाही. एफआरपीमुळे दराची खात्री, जवळ कारखाना आणि मोजून न देता क्षेत्रानुसार पट्टी आकारलेले कालव्याचे पाणी, ही कारणे सुटी न ठेवता जोडायची: दराच्या खात्रीने शेतकरी ऊस लावतो, कारखाना तो उचलतो आणि जास्त पाणी वापरल्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसत नाही. उसाचे दुष्परिणाम कितीही अचूक लिहिले तरी या प्रश्नाचे उत्तर होत नाहीत. कारणांची नुसती यादी पुरते, हाही गैरसमजच.