दुपारी तीनचा भाव

14 मार्च 1968 च्या रात्री लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात घाईघाईने प्रिव्ही कौन्सिलची बैठक भरली. राणी एलिझाबेथ यांच्यासमोर एकच विषय होता, दुसऱ्या दिवशी बँकांना सुट्टी जाहीर करायची. मध्यरात्र उलटताना तो हुकूम निघाला आणि शुक्रवारी लंडनचा सोनेबाजार उघडलाच नाही. आपल्याला न विचारता निर्णय झाला म्हणून परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन चिडले आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. बाजार बंद ठेवा, ही विनंती मात्र अमेरिकेकडून आली होती.

जळगावच्या किंवा मुंबईतल्या झवेरी बाजारातल्या पेढीवर आज रोज बदलणारा भाव लिहिलेला दिसतो, त्याची सुरुवात शोधत गेलं की त्या बंद दरवाजापाशी जावं लागतं. सोन्याचा आणि डॉलरचा संबंध 15 ऑगस्ट 1971 रोजी निक्सन यांनी तोडला, हे सर्वत्र सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण बाजारातला भाव त्याआधी तीन वर्षं मोकळा झाला होता.

त्यापूर्वी सोन्याला भाव नव्हता, दर होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1934 च्या जानेवारीत तो ठरवला. एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम सोन्याचे 35 डॉलर. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना 1944 मध्ये ब्रेटन वुड्स इथे 44 देशांचे प्रतिनिधी जमले आणि जगाच्या चलनांची उतरंड याच दरावर रचली गेली. बाकीच्या देशांनी आपलं चलन डॉलरशी बांधायचं आणि अमेरिकेने डॉलर सोन्याशी. परदेशी सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने 35 डॉलर पुढे केले की अमेरिकेने एक औंस सोनं द्यायचं. सामान्य अमेरिकी माणसाला ही सोय नव्हतीच. त्याला 1933 पासून दागिने आणि जुनी नाणी वगळता सोनं बाळगण्याचीच बंदी होती.

ही हमी तिजोरी भरलेली असेपर्यंत बिनघोर चालली. 1949 च्या सुमारास अमेरिकेकडे जवळपास 22,000 टन सोनं होतं. पुढे युरोप आणि जपान सावरले. अमेरिकेचे डॉलर परदेशी मदतीतून, लष्करी तळांवरच्या खर्चातून, कंपन्यांच्या गुंतवणुकीतून आणि नंतर व्हिएतनाम युद्धातून जगभर साठू लागले. डॉलर वाढत गेले, तिजोरीतल्या विटा कमी होत गेल्या. दारात उभे असलेले सगळे एकदम आत आले तर सोनं पुरणार नाही, हे साध्या बेरजेने कळण्यासारखं होतं.

त्यात लंडनचा बाजार खुला होता. तिथे खासगी व्यापारीही सोनं घेऊ शकत. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये तिथला भाव अचानक 40 डॉलरवर गेला. वॉशिंग्टनमध्ये 35 आणि लंडनमध्ये 40 अशी तफावत टिकली असती, तर मध्यवर्ती बँकांनी अमेरिकेकडून स्वस्तात सोनं उचलून लंडनला विकण्याचा मोह कशाला आवरला असता? म्हणून 1961 मध्ये अमेरिकेने सात युरोपीय देशांना सोबत घेऊन एक सामायिक साठा केला. त्याला लंडन गोल्ड पूल म्हणत. आठ देशांनी मिळून 27 कोटी डॉलरचं, म्हणजे सुमारे 240 टन सोनं बाजूला ठेवलं. निम्मा वाटा अमेरिकेचा होता. भाव चढू लागला की बँक ऑफ इंग्लंडने या साठ्यातून विकायचं, उतरला की विकत घ्यायचं.

काही वर्षं हे जमलं, कारण खाणीतून येणारं नवं सोनं मागणीला पुरत होतं. पण ठरावीक भावाला रोखून धरणाऱ्याची एक अडचण असते. समोरच्याला एकाच दिशेची पैज लावायला मिळते. 35 डॉलरला सोनं घेऊन ठेवणाऱ्याचा तोटा फारतर काही सेंटचा, पण दर तुटला तर फायदा मोठा. 1967 मध्ये फ्रान्स पुलातून बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने पौंडाचं 2.80 डॉलरवरून 2.40 डॉलरपर्यंत अवमूल्यन केलं. पौंड घसरला, आता पाळी डॉलरची, असं म्हणत खरेदीदार तुटून पडले. एका विटेचं वजन साधारण 400 औंस, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. 35 च्या दराने तिची किंमत 14,000 डॉलर. अशा विटा अमेरिकेतून विमानांनी लंडनला आणाव्या लागत होत्या आणि आल्या तशा विकल्या जात होत्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ही गळती इतकी वाढली की बाजार बंद करण्यावाचून उपाय उरला नाही.

शनिवार-रविवारी पुलातल्या सात देशांचे मध्यवर्ती बँकप्रमुख वॉशिंग्टनमध्ये बसले आणि 17 मार्चला तोडगा निघाला. सोन्याला यापुढे दोन किमती असतील. सरकारं आपसात 35 डॉलरनेच देवघेव करतील. बाहेरच्या बाजारात मात्र ते ना विकतील, ना घेतील. तिथला भाव ज्याचा त्याने ठरवावा.

लंडनचा बाजार दोन आठवडे बंद राहिला. तेवढ्या अवधीत झुरिकच्या तीन मोठ्या बँकांनी एकत्र येऊन आपला व्यवहार थाटला आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींचं सोनं तिकडे वळवलं. 1 एप्रिलला लंडन पुन्हा उघडलं तेव्हा गिऱ्हाईक टिकवण्यासाठी त्यांनी एक बदल केला. रॉथ्सचाइल्ड बँकेच्या कचेरीत 1919 पासून रोज सकाळी भाव ठरत असे. आता न्यूयॉर्कचा बाजार जागा झाल्यावर, दुपारी तीन वाजता, दुसऱ्यांदा ठरू लागला, आणि तोही डॉलरमध्ये.

ठरवण्याची रीत पाहण्यासारखी होती. पाच पेढ्यांचे प्रतिनिधी एका खोलीत बसत. प्रत्येकाचा टेलिफोन आपापल्या कचेरीशी जोडलेला. अध्यक्ष एक भाव पुकारत. प्रत्येकजण आपल्या गिऱ्हाइकांची गोळाबेरीज करून या भावाला आपण घेणारे की विकणारे, ते सांगे. घेणारे जास्त असतील तर भाव वर, विकणारे जास्त असतील तर खाली. प्रत्येकाच्या टेबलावर ब्रिटनचा छोटा झेंडा असे. कचेरीतून नवा निरोप आला की तो झेंडा उभा करायचा. एकही झेंडा उभा असेपर्यंत भाव पक्का होत नसे. दोन्ही बाजू जुळल्या की तो आकडा जगभर जाई. खोली, टेलिफोन, झेंडे आता गेले. 2015 पासून हाच लिलाव संगणकावर चालतो, पण लंडनच्या साडेदहा आणि तीनच्या वेळा कायम आहेत.

सुटलेलं सोनं लगेच उधळलं असेल, असा कुणाचाही अंदाज होईल. तसं झालं नाही. 1969 च्या सुरुवातीला ते 43 डॉलरपर्यंत चढलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा 35 वर आलं. 1970 च्या जानेवारीत तर 35 च्याही थोडं खाली गेलं. साठेबाजांकडे आधीच भरपूर माल होता, आणि सरकारी 35 चा आकडा अजून लोकांच्या मनात होता.

तो आकडा 1971 मध्ये पुसला गेला. तोवर अमेरिकेकडे 9,000 टनांच्या आसपास सोनं उरलं होतं. परदेशी सरकारांकडचे डॉलर 35 च्या दराने त्याच्या कितीतरी पट होते. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी निक्सन यांनी अर्थमंत्री जॉन कॉनली, फेडरल रिझर्व्हचे आर्थर बर्न्स, अर्थखात्यातले पॉल व्होल्कर अशा मोजक्या लोकांना कॅम्प डेव्हिडला नेलं. रविवारी रात्री त्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं की डॉलरच्या बदल्यात सोनं देणं तात्पुरतं थांबवत आहोत. ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही.

त्यानंतर सरकारी दर 38 आणि 1973 मध्ये 42.22 डॉलर केला गेला, पण त्या दराने सोनं देणारं कुणीच नव्हतं. 1973 च्या मार्चमध्ये प्रमुख चलनंही एकमेकांपासून मोकळी झाली. आता सोन्याच्या भावाला ना तळ होता, ना छत. 1974 च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेने आपल्या नागरिकांवरची बंदी उठवली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात सोन्याचे वायदे सुरू झाले. अमेरिकी जनता तुटून पडेल म्हणून व्यापाऱ्यांनी आधीच भाव 195 डॉलरच्या आसपास नेऊन ठेवला होता. जनता आली नाही. 1976 च्या ऑगस्टपर्यंत तो साधारण 103 वर कोसळला. मग महागाई, इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातला सोव्हिएत शिरकाव एकापाठोपाठ आले आणि 21 जानेवारी 1980 रोजी लंडनचा भाव 850 डॉलर ठरला.

या चढउताराचं एक कारण सोन्याच्या स्वभावात आहे. गहू खाल्ला जातो, तेल जळतं. सोनं मात्र बहुतेक जसंच्या तसं उरतं. आजवर खणलेलं दोन लाख टनांहून अधिक सोनं जगात आहे आणि खाणी वर्षाला त्यात साडेतीन हजार टनांच्या आसपास भर घालतात. त्यामुळे एखाद्या वर्षीच्या उत्पादनापेक्षा, आहे त्या सोन्याचे मालक ते धरून ठेवतात की सोडतात, यावर भाव जास्त ठरतो. सोनं व्याज देत नाही. म्हणून बँकेतलं व्याज महागाईपेक्षा बरंच जास्त असेल तर सोनं धरणं परवडत नाही आणि व्याज महागाईखाली गेलं की ते जवळचं वाटू लागतं. याचा पडताळा कॅम्प डेव्हिडला हजर असलेल्या व्होल्कर यांनीच दिला. फेडरल रिझर्व्हचे प्रमुख झाल्यावर त्यांनी व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात नेले आणि 1982 च्या मध्यावर सोनं 300 च्या खाली आलं. 1999 मध्ये ते 252 डॉलरच्या आसपास होतं. 1980 मध्ये घेतलेल्याने एकोणीस वर्षं थांबून दोन तृतीयांशाहून जास्त किंमत गमावली होती, महागाई त्यात धरलेलीच नाही.

मराठी घरात हा भाव कसा पोचतो, त्याचं गणित साधं आहे. समजा लंडनला औंस 2,400 डॉलर आहे आणि डॉलर 84 रुपयांना. औंसला 31.1 ने भागून दहाने गुणलं की दहा ग्रॅमचे साधारण 772 डॉलर, म्हणजे सुमारे 64,800 रुपये होतात. त्यावर 6 टक्के आयातशुल्क आणि 3 टक्के जीएसटी लावला की 70,700 च्या पुढे जातो. घडणावळ वेगळी. 2024 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने हे शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आणलं, तेव्हा लंडनमध्ये फारसं काही न घडताही सराफ बाजारातला भाव तोळ्यामागे हजारो रुपयांनी उतरला. उलट रुपया घसरला की लंडनचा भाव जागचा हलला नाही तरी इथे चढतो. पस्तीस डॉलरच्या काळात, 1966 च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना असताना, याच हिशेबाने दहा ग्रॅमचे 84 रुपये होत. आयातबंदी आणि सुवर्णनियंत्रणाच्या त्या दिवसांत चोरट्या मार्गाने येणारं सोनं मुंबईत त्याहून महाग पडे.

आजचा चढ बराचसा पुन्हा मध्यवर्ती बँकांमुळे आहे. 2022 पासून सलग तीन वर्षं त्यांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये औंस 4,000 डॉलरच्या पुढे गेला. 1960 च्या दशकात याच बँकांनी भाव वर जाऊ नये म्हणून सोनं विकलं होतं.

अमेरिकेकडे आज 8,133 टन सोनं आहे. अर्थखात्याच्या हिशेबवहीत ते अजूनही औंसाला 42.22 डॉलर याच दराने मांडलेलं असतं. त्या दराने सगळ्या साठ्याची किंमत सुमारे 11 अब्ज डॉलर भरते. 4,000 च्या भावाने तोच साठा एक हजार अब्ज डॉलरच्या वर जातो.